साखळी सैल आहे, पण शिंगांचं काय?

पत्र

मी दोन वर्षांपूर्वी टॅरो शिकले. ओळखीतल्या लोकांसाठी पानं काढते, पैसे घेत नाही. गेल्या महिन्यात ऑफिसातले एक सीनियर सहकारी डबा खाताना म्हणाले, "रोज रात्री दोन-तीन पेग होतात. बघा जरा, तुमची पानं काय म्हणतात." टेन ऑफ वाँड्स, डेव्हिल आणि फोर ऑफ सोर्ड्स आली. मी सरळ सांगितलं, "डेव्हिल म्हणजे ॲडिक्शन. सर, तुम्ही अल्कोहोलिक झाला आहात. पण साखळी सैल आहे बघा, मनात आणलंत तर आजच सुटाल. नाहीतर पुढचं पान हॉस्पिटलचं आहे." ते हसले. तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. सरांनी त्याच रात्रीपासून दारू पूर्ण बंद केली होती. हात थरथरत होते, घाम फुटत होता, झोप नव्हती. डॉक्टरांकडे नेलं, आता ते बरे आहेत. वहिनी रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "परत एकदा पान काढून बघा ना, कायमची सुटेल का." सर मात्र माझ्याशी बोलत नाहीत. पान तर खरंच आलं होतं. मग खरं सांगायचं नाही का? डेव्हिल आलं की गोड बोलून वेळ मारून न्यायची?

— नाव छापू नये, ठाणे

उत्तर

"पान तर खरंच आलं होतं" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुमची सगळी अडचण त्या वाक्यात आहे, म्हणून आधी थोडा हिशेब करू या.

डेकमध्ये ७८ पानं. तीन काढली, तर त्यात एखादं ठरावीक पान असण्याची शक्यता २६ मध्ये १. दारूबद्दल विचारणारी २६ माणसं तुमच्यासमोर बसली, तर साधारण एकाला डेव्हिल येईल, आणि तो एक कोण हे त्याच्या ग्लासावरून ठरणार नाही. दिवाळीत एखादी बिअर घेणाऱ्यालाही येईल. उलट, सकाळी उठल्याबरोबर बाटली शोधणाऱ्या माणसाला 'सन' येईल, पांढऱ्या घोड्यावरचं हसरं मूल आणि मागे सूर्यफुलं. त्याला तुम्ही काय सांगणार? सगळं छान आहे म्हणून? डेव्हिल आलं म्हणून आजार आहे असं म्हणता येत असेल, तर आलं नाही म्हणून आजार नाही असंही म्हणावं लागेल. हे दुसरं वाक्य पहिल्याहून घातक आहे, कारण ते ऐकून माणूस निवांत घरी जातो.

डॉक्टरसुद्धा असं एका नजरेत ठरवत नाहीत. दारूपुरतं बोलायचं तर जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे: किती वेळा, किती, सुरू केल्यावर थांबता येतं का, सकाळी लागते का, कोणाला इजा झाली का, अशी. तिचे गुण काढून झाले तरी ती फक्त चाळणी असते, निदान पुढे तपासून होतं. आपल्यापुढे तर फक्त रंगीत पुठ्ठा होता. तेव्हा तुम्ही फार कडू बोललात ही माझी तक्रार नाहीच. तुम्हाला जे ठाऊक नव्हतं, ठाऊक असणं शक्यच नव्हतं, ते तुम्ही ठामपणे सांगितलंत. खरं सांगायचं की गोड बोलायचं, असा प्रश्न तुम्ही मला टाकला आहे. पण त्या दुपारी खरं काय ते तुम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं, आणि ते शोधायला ते पान फार चांगलं होतं.

कसं, ते सांगते. त्यासाठी पान पुन्हा समोर घ्या. तुमचा डेक बहुधा १९०९ मध्ये लंडनला निघालेलाच असेल, आर्थर वेट यांनी आखलेला आणि पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला. शिकवणीत आपण 'डेव्हिल म्हणजे बंधन, व्यसन, वासना' असे शब्द पाठ करतो आणि नंतर चित्र बघायचं सोडून देतो. (ही पानं पंधराव्या शतकात इटलीत खेळायला म्हणून निघाली. डेव्हिल तेव्हा १५ नंबरचं हुकमाचं पान होतं, हात जिंकायला कामाला येणारं. लोक पानांवरून भविष्य सांगायला लागले ते पुष्कळ नंतर, अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. मला हे आठवलं की पान हातात जरा हलकं वाटतं.)

चित्रात वटवाघळाच्या पंखांचा शिंगवाला सैतान एका ठोकळ्यावर बसला आहे. उजवा हात वर, आशीर्वाद दिल्यासारखा. डाव्या हातात उलटी धरलेली मशाल. खाली एक बाई, एक पुरुष, दोघांच्या गळ्यात साखळ्या. सगळे इथवर बघतात. पुढचं बघत नाहीत. दोघांचे हात मोकळे आहेत. चेहऱ्यावर आक्रोश नाही, दोघं उभे आहेत, बस. आणि साखळी सैतानाच्या हातात नाही. ती ठोकळ्याला बसवलेल्या कडीत अडकवलेली आहे.

ही कडी मला या पानातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते. सवय कोणी धरून ठेवलेली नसते, ती कुठेतरी बांधलेली असते: एखाद्या वेळेला, खुर्चीला, माणसाला, रस्त्याला. म्हणून डेव्हिल आलं की मी पहिला प्रश्न विचारते, "ही साखळी दुसऱ्या टोकाला कशाला बांधली आहे?" लोक थोडं गोंधळतात, मग बोलायला लागतात. रात्री साडेनऊ, मुलं झोपल्यावर, गॅलरी. किंवा फक्त गुरुवारी, अमुक मित्र आला की. किंवा लोकलमधून उतरल्यावर घराच्या आधीचा कोपरा. यातलं एकही उत्तर निदान नाही. पण माणसाने ते मोठ्याने उच्चारलेलं असतं, बहुतेक वेळा पहिल्यांदाच.

आता सैल साखळी. तुम्ही जे म्हणालात ते जवळजवळ प्रत्येक शिकवणीत सांगतात. साखळी गळ्याभोवती एवढी मोठी आहे की डोक्यावरून सहज निघेल, म्हणजे माणूस स्वतःच्या मर्जीने बांधलेला आहे. चित्रापुरतं हे बरोबर आहे, साखळी खरंच सैल काढली आहे. पण समोरच्या माणसाच्या कानात ते वाक्य कसं पडतं? "तुला सुटता येतं आणि तू सुटत नाहीस." जो आधीच चार वेळा सोडून पुन्हा धरून बसला आहे त्याला हे दिलासा म्हणून ऐकू येत नाही, आरोप म्हणून येतं. सरांना ते आव्हान म्हणून ऐकू आलं असावं. मनात आणलंत तर आजच, असं तुम्ही म्हणालात आणि त्यांनी आजच केलं.

म्हणून त्या दोघांच्या डोक्यांकडे बघा. त्यांना छोटी शिंगं फुटली आहेत, शेपट्याही आहेत. साखळी डोक्यावरून काढायला जाल तर ती शिंगांत अडकेल. पुस्तकांत याचा अर्थ 'माणसाचं जनावर होणं' असा देतात. मला तो आवडत नाही, आणि समोर बसलेल्या माणसाला तर तो ऐकवूच नये. मी इतकंच वाचते की फार दिवस एका जागी बांधून राहिलं की अंगही त्या बांधण्याला सरावतं. सुटायला जागा आहे, पण हिसका देऊन सुटण्यासारखी नाही. दारूच्या बाबतीत ही नुसती उपमा राहत नाही. रोज भरपूर आणि बरेच दिवस पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर काही तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होऊ शकते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, काहींना त्यानंतर भ्रम होतात, आणि हे जिवावर बेतू शकतं. झोपेच्या किंवा घबराटीच्या काही गोळ्या खूप दिवस घेऊन अचानक सोडल्या तरी तसंच. कोणाला होईल, कोणाला नाही, हे आपण सांगू शकत नाही. सरांना नेमकं काय झालं होतं यावरही मी अंदाज करणार नाही, ते त्यांच्या डॉक्टरांनी बघितलं आहे. पण यातून एक नियम करून टाका. पानांसमोर बसून कोणालाही 'आजपासून बंद' असं सांगायचं नाही. त्याने स्वतःहून ठरवलं, तर एवढंच म्हणायचं, "एकदम थांबवण्याआधी डॉक्टरांना विचाराल का? काही गोष्टी हळूहळू सोडाव्या लागतात."

आता तुमचीच तीन पानं पुन्हा मांडते. त्या मांडणीत खूप काही होतं आणि डेव्हिलने तुमचे डोळे दिपवले.

पहिलं पान टेन ऑफ वाँड्स. माणूस दहा काठ्यांची मोळी उचलून वाकून चालला आहे. काठ्या तोंडासमोर आल्यामुळे त्याला रस्ता दिसत नाही, गाव मात्र समोरच आहे. मधलं डेव्हिल. शेवटचं फोर ऑफ सोर्ड्स: चर्चमध्ये हात जोडून आडवा झालेला योद्धा, वर रंगीत काचांची खिडकी, तीन तलवारी भिंतीवर आणि एक त्याच्या बाजूला खाली. याला 'हॉस्पिटलचं पान' म्हणायची पद्धत आहे हे मला माहीत आहे. पण चित्रात एक माणूस स्वस्थ पडला आहे, एवढंच दिसतं. तिन्ही ओळीने लावा: ओझं, सवय, विसावा. शिकाऊ मुलीलाही यात गोष्ट दिसेल. सरांना विचारण्यासारखा प्रश्न असा होता: "तुम्ही घरी येता तेव्हा ओझं कुठे उतरवता?"

समजा हे संभाषण असं झालं असतं. तुम्ही तिन्ही पानं त्यांच्याकडे तोंड करून ठेवता आणि म्हणता, "सर, मी अर्थ सांगण्याआधी तुम्ही बघा. यातलं कोणतं चित्र संध्याकाळी सात वाजताचं वाटतं?" ते कदाचित मोळीवाल्याकडे बोट दाखवतील. "आणि दहा वाजताचं?" इथे गंमत आहे. काही जण डेव्हिल दाखवतात, पुष्कळ जण फोर ऑफ सोर्ड्स दाखवतात. म्हणजे त्यांच्या लेखी ते पेग हाच विसावा आहे. तेव्हा तुम्ही डेव्हिलवर बोट ठेवून विचारायचं, "मग हा मधला काय देतो तुम्हाला, आणि बदल्यात काय घेतो?" देतो काय हे आधी विचारा. उपदेश करायला बसलेला माणूस ते कधीच विचारत नाही, म्हणून ऐकणारा चमकतो आणि खरं बोलतो. 'झोप येते' म्हणतील. 'दिवसभराचे फोन डोक्यातून जातात' म्हणतील. घेतो काय, याचं उत्तर मग बहुधा तेच देतात: सकाळचं डोकं, मुलीबरोबरची संध्याकाळ, पैसे, बायकोचं बोलणं. आणि शेवटी, "हे जे मिळतं त्यातलं थोडं, आठवड्यातून एखाद्या दिवशी का होईना, आणखी कुठून मिळण्यासारखं आहे का?" इथे थांबायचं. कदाचित ते म्हणाले असते, "किती पितो ते एकदा डॉक्टरांना सांगूनच टाकतो." कदाचित म्हणाले असते, "बघू." 'बघू' हेही उत्तर आहे, त्यावर आणखी एक पान काढायचं नाही.

'काय देतो' हा प्रश्न मी नुसता चतुराईने काढलेला नाही, तो चित्रातच आहे. डेव्हिलच्या शेजारी सहावं पान ठेवा, लव्हर्स. तीच रचना: वर पंखवाला, खाली बाई आणि पुरुष. बाईच्या मागे फळांचं झाड, पुरुषाच्या मागे ज्वाळांचं. डेव्हिलमध्ये तीच फळं द्राक्षांचा घड होऊन बाईच्या शेपटीला लागली आहेत, आणि ज्वाळा पुरुषाच्या शेपटीला. १५ मधले १ आणि ५ मिळवले की ६ होतात, हा हिशेब टॅरोवाले हौसेने सांगतात. मला एवढाच मुद्दा घ्यायचा आहे की ओढ तीच होती. आधी ती मागे झाडासारखी उभी होती, आता अंगाला चिकटली आहे. दारू असो, फोन असो, सोडून गेलेला माणूस असो, सुरुवातीला त्यातून काहीतरी रास्त हवं होतं. ते काय होतं हे विचारलं, तर माणसाला स्वतःची लाज वाटायची वेळ येत नाही.

लाजेवरून एका शब्दाबद्दल सांगते. 'व्यसन' हा शब्द संस्कृतात संकट या अर्थीही आहे. "उत्सवे व्यसने चैव" हे सुभाषित शाळेत पाठ केलं असेल: उत्सवात, संकटात, दुष्काळात, राजद्वारी, स्मशानात जो सोबत उभा राहतो तो बांधव. आपल्या मराठीत मात्र 'व्यसनी' म्हटलं की स्वभावावरच शिक्का बसतो, पोरगी देताना चौकशी करतात तो शब्द. 'अल्कोहोलिक' इंग्रजी आहे म्हणून सौम्य, असं वाटत असेल तर तसं नाही. तो डबा खाण्याच्या टेबलावर पडला, आजूबाजूला माणसं असतील. म्हणून मी एक सोपी पथ्याची गोष्ट पाळते. समोरच्याने जो शब्द वापरला तोच वापरते. ते 'दोन-तीन पेग' म्हणाले, मीही 'दोन-तीन पेग' म्हणते. त्यांनी स्वतः 'व्यसन' म्हटलं, तरी मी "तुम्हाला असं का वाटतं?" विचारते, होकार देत नाही की नकारही. आणि आपल्याकडे डेव्हिलचं चित्र बघून 'कोणी करणी केली आहे का' असं विचारणारे असतातच. त्यांना तिथल्या तिथे स्पष्ट 'नाही' म्हणायचं. तिथे प्रश्नाने उत्तर द्यायला जाऊ नका.

मी हे फार शहाणपणाने सांगते आहे असं वाटू नये म्हणून माझीही एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका मुलीने विचारलं, लग्न मोडलेल्या मित्राशी तिचं जे चालू होतं त्याबद्दल. डेव्हिल आलं. मी म्हटलं, "हे नातं टॉक्सिक आहे, तो तुला वापरतोय." त्या मुलाला मी कधी बघितलंही नव्हतं. तिने मान डोलावली, आभार मानले, आणि पुढच्या वर्षभरात त्याच्याबद्दल कोणाशीच बोलली नाही, कारण बोलली तर लोक काय म्हणतील हे माझ्यामुळे तिला आधीच कळलं होतं. दार बंद केलं ते मी. आज तेच पान आलं तर मी तिला विचारेन, "या दोघांमधली तू कोण? की तू वरचा आहेस?" हसू नका, पुष्कळ जण मशालीवर बोट ठेवतात. "मीच पेटवते, तो दोन दिवस गप्प असला की मीच मेसेज करते." हे मी वाचून कधीच सांगू शकले नसते.

गैरहजर माणसाबद्दल पान न काढणं हा वहिनींनाही लागू होणारा नियम आहे. त्यांनी 'कायमची सुटेल का' विचारलं आहे. समजा तुम्ही काढलंत आणि स्टार आलं, तर त्या गाफील राहतील. टॉवर आलं, तर त्या घरात पाळत ठेवतील. सुटेल की नाही हे सर, त्यांचे डॉक्टर आणि पुढचे कित्येक महिने मिळून ठरवणार आहेत. वहिनींना सांगा, "वहिनी, हे पानांचं काम नाही, आणि मागच्या वेळी मी ते पानांवर ढकललं ही माझी चूक झाली. डॉक्टरांनी पुन्हा कधी बोलावलंय?" त्यांना स्वतःला कोणाशी बोलायचं असेल, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मन मोकळं करायला टेलि-मानसचा १४४१६, दोन्ही फोन विनाशुल्क. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, तिथे घरच्या माणसांशीही बोलतात. हे आकडे माझ्या डेकच्या डब्यात एका चिठ्ठीवर लिहिलेले असतात. तुम्हीही ठेवा. ऐन वेळी फोनमध्ये शोधायला लागलं की समोरचा घाबरतो.

ती चिठ्ठी कधी काढायची, हेही आधीच ठरलेलं असावं. कोणी म्हणालं, सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाही. कोणी म्हणालं, मागे सोडली तेव्हा फिट आली होती. कोणी म्हणालं, झोपेच्या गोळ्या वाढवत चाललोय. घरात मारहाण आहे, किंवा 'आता जगायचा कंटाळा आलाय'. यातलं काहीही ऐकलं की मी पानं गोळा करते, अर्धी मांडणी असली तरी. मग म्हणते, "हे मला कळण्यातलं नाही, पण डॉक्टरांना आजच सांगण्यासारखं नक्की आहे. आत्ता फोन लावायचा का, मी बसते इथे." याला निदान म्हणत नाहीत. शेजारणीच्या मुलाला ताप आला तर तुम्ही काय झालंय ते सांगत नाही, रिक्षा बोलावता. मारहाण असेल तर बायकांसाठी १८१ आणि जीव धोक्यात असेल तर ११२, हेही त्याच चिठ्ठीवर.

उलट्या डेव्हिलचं थोडक्यात. तुम्ही उलटी पानं वाचत असाल, तर 'सुटका झाली' असं जाहीर करू नका. परवाच कोणीतरी सिगारेट सोडून अकरा दिवस झालेल्या माणसाला 'आता तुम्ही मोकळे' असं सांगितल्याचं मला कळलं. बाराव्या दिवशी त्याने 'मोकळा आहेच, एक ओढून बघू' म्हणून ओढली. पान उलटं आलं तर विचारा, "साखळी हातात घेऊन बघावी असं अलीकडे कधी वाटलं?"

आणि पानं पिसण्याआधी प्रश्न दुरुस्त करून घ्या, निम्मं काम तिथे होतं. "बघा जरा पानं काय म्हणतात" हा प्रश्नच नाही, ती चेष्टेत गुंडाळलेली काळजी आहे. चारचौघांत, डबा खाताना, ती उलगडायची नसते. तुम्ही म्हणू शकला असता, "सर, सहा वाजता खाली चहाला जाऊ, तिथे बघू." तिथेही आधी एवढंच विचारायचं, "पानांनी तुम्हाला नेमकं काय सांगावं असं वाटतं?" 'मी अल्कोहोलिक आहे का' असा प्रश्न आला, तर तो पानांनी घ्यायचा नाही. 'रात्री मला नक्की काय हवं असतं' हा घेता येतो.

राहिले सर. ते बोलत नाहीत म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय, पण त्यांनी तुमच्याशी बोलावं हे आता त्यांच्यावर सोडा. मोठा मेसेज लिहू नका, त्यात दारूचा उल्लेख नको, पानांचाही नको, फोन घरात कोणीही उघडतं. जिन्यात किंवा गाडी लावताना एकटे भेटले की दोन वाक्यं पुरेत: "सर, त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायचा मला अधिकार नव्हता, आणि मला ते माहीतही नव्हतं. माफ करा." ते 'अहो त्यात काय' म्हणून निघून जातील. जाऊ द्या. तब्येत विचारायला मागे जाऊ नका, आणि त्यांच्या टेबलावर चहाचा कप असेल तर तो कसला आहे हेही बघू नका.

कधी पुढे त्यांनीच पुन्हा पानं मागितली, तर डेव्हिल मुद्दाम बाजूला काढून ठेवायचा मोह होईल. काढू नका. पूर्ण ७८ पिसा.